एक खांब नसेल तेव्हा

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर एका नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण सुरू होतं. त्या कामात खांबांना हात लावला गेला, असं रहिवासी सांगत होते आणि पोलिसांच्या तपासाचा रोखही तिकडेच होता. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. या प्रकरणात आपल्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. काम तळमजल्यावरचं होतं, तर चौथ्या मजल्यावर चहा घेत बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन का गेली? जिथे इजा झाली तिथली एखादी खोली खचली असती, एखादा स्लॅब लोंबला असता, तर इमारत रिकामी करायला वेळ मिळाला असता. इथे एका कोपऱ्यातली इजा सगळ्या इमारतीत पसरली. इजा लहान आणि विनाश मोठा, अशा या साखळी पडझडीला अभियंते प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स म्हणतात.

या विषयाचे नियम लंडनमधल्या एका इमारतीनंतर लिहिले जाऊ लागले. रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत जेमतेम दोन महिन्यांपूर्वी राहायला दिलेली होती. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला. बाहेरची काँक्रीटची भिंत निखळली, तिच्यावर टेकलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या आदळण्याने खालचे गेले, आणि इमारतीचा अख्खा कोपरा छतापासून तळापर्यंत कोसळला. चार माणसं दगावली. स्फोट मोठा नव्हता. घरात राहणारी स्त्री त्यातून वाचली. इमारतीत भाराला दुसरी वाट नव्हती, हे खरं कारण होतं. ब्रिटिश नियमांत १९७० साली बदल झाले आणि तेव्हापासून एक साधा प्रश्न आराखड्याला विचारला जाऊ लागला: हा एक आधार काढला, तर वरचा भार कुठून खाली जाईल?

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला आता कारण आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथली जुनी घरं एक-दोन मजली होती आणि त्यांचा भार भिंतींवर असायचा. आता शहरात, महामार्गाच्या कडेला, खाली पार्किंग किंवा दुकानं आणि वर पाच-सहा मजले अशा आरसीसी फ्रेमच्या इमारती उभ्या राहत आहेत. पार्किंगच्या मजल्यावर भिंती नसतात, खांब उघडे असतात. हा धानाचा जिल्हा आहे, त्यामुळे गाळ्यासमोर माल भरायला मागे येणारा ट्रक हे रोजचं दृश्य आहे. अशा ट्रकची धडक, खाली दुकानात सिलिंडरचा स्फोट, दुकान रुंद करताना तोडलेला खांब, या तीन गोष्टी इथल्या आराखड्याने गृहीत धरायला हव्यात. स्फोटाने छत कसं येतं हे जिल्ह्याने २४ जानेवारी २०२५ रोजी पाहिलं आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात एका इमारतीचं छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. तिथली स्फोटकं आणि शहरातली सदनिका यांची तुलना होत नाही. पण फ्रेम तयार करणाऱ्याच्या मनात अपघाती भाराला जागा असावी, एवढं त्यावरून म्हणता येतं.

आता कार्यालयाच्या टेबलाकडे येऊ. खासगी इमारतीचा प्रस्ताव नगर परिषदेकडे किंवा नगररचना विभागाकडे जातो. शासकीय इमारतीचे आराखडे सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो आणि मोठं काम असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेकडून प्रूफ चेकिंग करून घेतलं जातं. खांब काढून बघण्याची पायरी-पायरीने लिहिलेली पद्धत आपल्या आयएस ४५६ मध्ये नाही. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० मध्ये, २००७ च्या आवृत्तीत, अपघाताने झालेलं नुकसान मूळ कारणाच्या मानाने अवाजवी मोठं होऊ नये, असं तत्त्व लिहिलेलं आहे. आकडे मात्र बाहेरून घ्यावे लागतात. अमेरिकेतल्या सरकारी इमारतींसाठी जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या संस्थेने २००३ साली काढलेली मार्गदर्शिका आपल्याकडचे सल्लागार बरेचदा वापरतात, कारण ती दहा मजल्यांपर्यंतच्या साध्या फ्रेमला नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावता येते. नियम उसना आहे, म्हणूनच अहवालातल्या सारांशाने आपली गृहीतकं उघड लिहायला हवीत. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला शंभर पानांचं संगणकाचं गणित वाचायला वेळ नसतो आणि त्याची गरजही नसते. गृहीतकं नीट वाचली तर अहवाल खरा आहे की सजवलेला, हे कळतं.

एक इमारत समोर ठेवू. ती कल्पनेतली आहे, पण तिची मापं इथल्या कोणत्याही नव्या रस्त्यावर सापडतील. खाली पार्किंग, वर सहा मजले, म्हणजे गच्ची धरून सात स्लॅब. खांब दोन्ही दिशांना साडेचार मीटरवर. बाहेरच्या कडेचे बीम २३० बाय ४५० मिलिमीटर, स्लॅब १२५ मिलिमीटरचा, बाहेर नऊ इंची विटांची भिंत. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००. रस्त्याकडच्या लांब बाजूचा मधला एक खांब पार्किंगमधून गेला, असं समजू.

पहिलं गृहीतक या वाक्यातच आहे. एका वेळी एकच खांब, तोही फक्त एका मजल्याच्या उंचीपुरता, काढलेला. वरचा सांधा शाबूत, वरचे बीम अखंड. काढायच्या जागाही ठरलेल्या असतात: लांब बाजूचा मधला, आखूड बाजूचा मधला, कोपऱ्याचा, आणि पार्किंग किंवा लोकांना खुला तळमजला असेल तर आतला एक. हे पाहून एखादा अधिकारी म्हणेल की स्फोटात एकच खांब कसा जाईल, शेजारचाही जाईल. बरोबर आहे. ही तपासणी अमुक एका स्फोटाची नक्कल करत नाही. कारण कोणतंही असो, एक आधार नाहीसा झाला तर फ्रेमकडे किती शिल्लक आहे, हे ती मोजते. सारांशात हे स्पष्ट शब्दांत हवं. 'इमारत स्फोटरोधक आहे' असं वाक्य दिसलं तर अहवाल परत पाठवावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं गृहीतक भाराचं. आपल्या खांबाकडे एका मजल्यावरून किती वजन येतं ते पाहू. स्लॅब आणि फरशी मिळून सुमारे ४७ किलोन्यूटन, बाहेरची भिंत ५४, बीम, आतली भिंत आणि खांबाचं स्वतःचं वजन मिळून ३३. माणसं आणि सामान यांचा नियमातला चल भार २०, पण अपघाताच्या क्षणी तो सगळा जागेवर असेल असं नाही, म्हणून त्याचा चौथा हिस्सा, ५ धरतात. बेरीज १३९ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १४ टन. सात स्लॅबचे मिळून ९० टनांच्या पुढे. इथे एक गोष्ट नजरेत भरते: सगळ्यात मोठा आकडा बाहेरच्या भिंतीचा आहे. परदेशी उदाहरणांतल्या काचेच्या किंवा हलक्या दर्शनी भागाचे आकडे उचलून आणले तर आपल्या विटांच्या इमारतीचा भार कागदावर एक तृतीयांशाच्या आसपास कमी होतो आणि गणित सहज पास होतं. भिंतीचा भार किती धरला आहे, हे तपासणाऱ्याने आधी बघावं.

मग हा भार दुप्पट करायचा. कारण खांब हळूहळू जात नाही. तांदळाचं पोतं काट्यावर अलगद टेकवून एकदम सोडलं, तर काटा खऱ्या वजनाच्या पुढे जातो, मग मागे येऊन स्थिर होतो. खांब अचानक गेला की वरची फ्रेमही तशीच खाली येते, आणि लवचीक वस्तूसाठी तो पहिला झोका स्थिर वाकण्याच्या बरोबर दुप्पट असतो. २००३ च्या पद्धतीत हा दोनचा गुणक त्यामुळे आला. फ्रेम लवचीक मर्यादेपलीकडे गेली की सळई ताणली जाताना ऊर्जा खाते आणि गुणक दोनपेक्षा कमी होतो. पण ते सिद्ध करायला वेगळं, अवघड गणित लागतं. साध्या पद्धतीने केलेल्या अहवालात गुणक दोनपेक्षा कमी दिसला, तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

तिसरं गृहीतक हे या सगळ्याचं मर्म आहे: पर्यायी वाट कोणती? खांब होता तेव्हा कडेच्या बीमचे साडेचार मीटरचे दोन गाळे होते. खांब गेला की त्यांचा नऊ मीटरचा एक गाळा होतो. प्रत्येक मजल्याचा बीम आपापल्या मजल्याचं वजन दोन्ही शेजारच्या खांबांपर्यंत नेतो. सातही मजल्यांवर बीम सारखे असतील तर कोणी कोणावर फारसा विसंबत नाही. वरच्या मजल्यांवर सळई कमी केली असेल, आणि काटकसरीसाठी ती बरेचदा केली जाते, तर वरचा मजला आपलं वजन मधल्या खांबातून खालच्यावर टाकतो. आणि एखाद्या मजल्याचा बीम त्याच्या खालच्यापेक्षा ताठ असेल, तर मधला खांब दबण्याऐवजी ताणला जातो. दाबासाठी केलेल्या खांबात ताण आला, तर त्याच्या सळ्यांचा लॅप पुरेसा आहे का, हा प्रश्न उभा राहतो. 'प्रत्येक मजला आपला भार आपण वाहील' हे गृहीतक असेल, तर सर्व मजल्यांचे कडेचे बीम सारखे आहेत हे नकाशावर दिसलं पाहिजे.

आता बीमच्या आत जाऊ. दोन खांबांमधला सरळ बीम मध्ये खाली वाकतो आणि खांबावर वर वाकतो. म्हणून मध्यावर खालची सळई कामाची आणि खांबावर वरची सळई कामाची. खांब गेला की जिथे तो होता तीच जागा नऊ मीटर गाळ्याचा मध्य होते. तिथलं वाकणं उलटतं. जिथे आजवर वरची सळई ताणात होती, तिथे आता खालच्या सळईला ताण घ्यायचा आहे. पण तिथे खालची सळई असते का?

इथे भंडाऱ्याचा भूगोल मध्ये येतो. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतल्या नकाशात नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा भूकंप क्षेत्र दोनमध्ये आहे, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या. तन्य सळई-मांडणीचा आयएस १३९२० हा नियम, त्याची २०१६ ची आवृत्ती, क्षेत्र तीन, चार आणि पाचसाठी बंधनकारक आहे. क्षेत्र दोनमध्ये तो ऐच्छिक आहे. तो पाळला तर खांबाच्या तोंडाशी खालची सळई वरच्याच्या किमान निम्मी असावी लागते आणि खाली-वर किमान दोन सळ्या बीमभर अखंड न्याव्या लागतात. पाळला नाही तर फक्त आयएस ४५६ उरतं, आणि त्यानुसार सलग बीममध्ये खालच्या सळईचा चौथा हिस्सा आधारापर्यंत नेऊन रुजवणुकीच्या पूर्ण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आत घातला की पुरे. नेहमीच्या भारासाठी ते योग्यच आहे, कारण तिथे खालच्या सळईला काम नसतं. भूकंप कमी म्हणून आपल्याकडे मिळालेली ही सूट खांब गेल्यावर मात्र महागात पडते.

किती महागात, हे आपल्या बीमवर मोजू. नेहमीच्या भारासाठी त्यात वर १६ च्या दोन आणि १२ ची एक, खाली १२ च्या तीन सळ्या पुरतात. खांब गेल्यावर दुप्पट भाराने शेजारच्या खांबांवर सुमारे ३८० आणि मध्ये, गेलेल्या खांबाच्या जागी, सुमारे २४५ किलोन्यूटन-मीटरचं वाकणं येतं. बीमची खरी अपेक्षित ताकद, म्हणजे सुरक्षा-गुणक काढून आणि साहित्य नियमापेक्षा पंचवीस टक्के सरस असतं असं धरून, टोकांना १२० आणि मध्ये ८२ निघते. मागणी भागिले ताकद, दोन्हीकडे साधारण ३. सरळसाध्या फ्रेमसाठी हे प्रमाण २ पर्यंत चालतं, कारण सळई लांबून थोडी सवलत देते. ३ म्हणजे नापास. पण ८२ हा आकडासुद्धा खालच्या सळ्या खांबातून अखंड गेल्या आहेत असं धरून आला आहे. १२ च्या सळईला एम २५ मध्ये पूर्ण रुजायला जवळपास ५८० मिलिमीटर लागतात. तिसरा हिस्सा म्हणजे १९५. एवढ्या रुजवणुकीवर सळई आपली पूर्ण ताकद गाठण्याआधीच काँक्रीटमधून सरकून निघते. तिन्ही सळ्या जरी तेवढ्या आत गेल्या, तरी ८२ चे २७ उरतात आणि प्रमाण नऊच्या पुढे जातं. शिवाय निसटणारी सळई लांबत नाही, त्यामुळे २ ची सवलत तिला लागूच होत नाही.

संगणकाच्या अहवालात ही चूक दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बीम ही एक रेघ असते आणि तिच्यावर लिहिलेली सळई शेवटपर्यंत पूर्ण ताकदीची धरली जाते. साइटवर ती खांबाच्या तोंडाशी संपली आहे हे त्या रेघेला कळत नाही. म्हणून माझ्या मते सारांशात सर्वात वर यायला हवं ते वाक्य हे: कडेच्या सर्व बीमच्या खालच्या सळ्या खांबातून अखंड नेल्या आहेत, आणि त्याचा तपशील अमुक नकाशावर आहे.

उपाय फार महाग नाही. कडेच्या बीमची खोली ४५० ऐवजी ६०० करा. खिडकीच्या वर ती बहुतेक वेळा सहज मावते. वर आणि खाली १६ च्या तीन-तीन सळ्या अखंड न्या. ताकद दोन्हीकडे सुमारे १९४ किलोन्यूटन-मीटर होते. टोकांना प्रमाण १.९५, मध्ये १.२७. पास, पण टोकांना जेमतेम. अशा वेळी वरच्या बाजूला खांबांवर एक जादा सळई टाकणं शहाणपणाचं. फक्त ती टाकताना कातर बघायला विसरू नये. बीमच्या टोकाला दुप्पट भाराने सुमारे २२७ किलोन्यूटनचं कातर बल येतं. ८ च्या रिंगा २०० मिलिमीटरवर ठेवल्या तर ते पेलत नाही, १५० वर ठेवल्या तर पेलतं. कातरात बीम वाकत नाही, सूचना देत नाही, सरळ तुटतो. त्यामुळे तिथे २ चं प्रमाण चालवून घेऊ नये, १ च्या आतच राहावं. वाकण्याच्या रकान्यात आणि कातराच्या रकान्यात एकच मर्यादा लिहिलेली दिसली, तर करणाऱ्याने पद्धत समजून न घेता तक्ता भरला आहे असं समजावं.

शेजारच्या खांबांचं काय? गेलेल्या खांबाचे ९० टन दोघांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाकडे पंचेचाळीस-एक टन जादा. नेहमीच्या आराखड्यातल्या दीडच्या गुणकात स्थिर स्वरूपात हे कसंबसं बसतं. पण बीम जास्त सशक्त केला की तो खांबाला अधिक जोराने वाकवतो, आणि खांबाचा अरुंद २३० चा चेहरा त्या दिशेला असेल तर धोका बीमकडून खांबाकडे सरकतो. बीम टिकला आणि खांब गेला, तर साखळी सुरू होते ती तिथूनच. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातली मरा इमारत १९ एप्रिल १९९५ रोजी बॉम्बस्फोटात पडली, त्यात १६८ माणसं गेली. तिथे दर्शनी बाजूला वरच्या मजल्यांचे दोनातले एक खांब तिसऱ्या मजल्यावरच्या एका मोठ्या बीमवर टेकवले होते. स्फोटाने खालचे मोजके खांब गेले, तो बीम निराधार झाला आणि त्याच्यावरचे सगळे खांब त्याच्याबरोबर आले. आपल्याकडे पार्किंगमध्ये गाडी वळायला जागा हवी म्हणून खांब बीमवर तरंगते ठेवायची सवय आहे. अशी फ्रेम 'सरळसाधी' धरता येत नाही. तिला २ ऐवजी १.५ ची मर्यादा लावावी लागते, आणि त्या बीमखालचा प्रत्येक खांब काढून बघावा लागतो.

कोपऱ्याचा खांब ही सर्वात कठीण जागा. मधला खांब गेला तर बीमला दोन्हीकडे टोक धरायला खांब आहेत. फार वाकल्यावरही अखंड सळ्या ताणावर काही भार पेलू शकतात. कोपऱ्यात एका बाजूला काहीच नाही. साडेचार मीटरचे दोन बीम बाल्कनीसारखे अधांतरी होतात आणि सळ्यांना ताणून धरायला पलीकडे कोणी नसतं. आपल्या सुधारलेल्या ६०० च्या बीमवर गणित केलं तर एकट्या अधांतरी बीमवर दुप्पट भाराने सुमारे ४३० किलोन्यूटन-मीटर येतं, प्रमाण २.२, नापास. तोच बीम वरच्या कोपऱ्यातल्या खांबांनी एकमेकांशी घट्ट बांधला आहे असं धरलं, तर त्याचं मोकळं टोक फिरू शकत नाही, फक्त खाली सरकतं. मग वाकणं दोन टोकांत वाटलं जातं, मूळ टोकाला २८० च्या आसपास राहतं आणि प्रमाण १.४५ होतं. पास.

इमारत तीच, सळई तीच, भार तोच. एका गृहीतकाने निकाल फिरला. हे गृहीतक चुकीचं नाही, फ्रेम खरोखर तशी वागते. पण त्यासाठी कोपऱ्यातला वरचा प्रत्येक खांब ते वाकणं सोसणारा हवा, मोकळ्या टोकाशी बीमच्या खालच्या सळ्यांनाही ताण घ्यावा लागतो म्हणून त्या कोपऱ्याच्या खांबात पूर्ण रुजलेल्या, वळवलेल्या हव्यात, आणि गच्चीच्या मजल्यावर वर खांब नसल्याने तिथे ही मदत अर्धीच मिळते. कोपऱ्याचं प्रमाण दीडच्या आसपास दाखवणाऱ्या अहवालात या तीन गोष्टी शोधाव्यात. नसतील, तर ते प्रमाण संगणकाने दिलं आहे, इमारतीने नाही.

राहिल्या भिंती. भार मोजताना आपण विटांच्या भिंतीचं वजन पुरतं धरलं, पण तिची मदत शून्य धरली. प्रत्यक्षात बीमच्या खाली-वर घट्ट बसलेली भिंत बरीच मदत करते. अमेरिकेत सॅन डिएगो शहरातलं एक जुनं हॉटेल पाडण्याआधी मेहरदाद सासानी या संशोधकाने त्याचे कडेचे दोन शेजारी खांब, त्यातला एक कोपऱ्याचा, एकाच वेळी उडवून मोजमाप घेतलं. इमारत सहा मजली होती आणि वरच्या मजल्यांवर भिंती होत्या. ती खाली आली ती अवघे सहा-सात मिलिमीटर. कागदावरच्या फ्रेमपेक्षा खरी इमारत एवढी ताठ निघाली. तरी मदत शून्य धरणंच बरोबर आहे, कारण भिंतीचं काय होईल याची हमी कोणी देत नाही. उद्या कोणी हॉल मोठा करायला ती पाडेल, खिडकीचं दार करेल, आणि त्यासाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अभियंत्याला विचारलंही जात नाही.

सारांशात काय येत नाही, तेही लिहून द्यावं. घाटकोपरसारखी घटना या तपासणीत येत नाही. तिथे तळमजल्यावरच्या आधारांची मोडतोड झाली असा आरोप आहे, आणि इमारत वयाने जुनी होती. आपली तपासणी नव्या, न गंजलेल्या सळईची आणि एका खांबाची आहे. दोन खांब एकामागून एक कापले तर तिचं उत्तर लागू पडत नाही. त्यामुळे पार्किंगच्या मजल्यावरचे खांब आणि कडेचे बीम यांना हात लावू नये, असा फलक आणि सोसायटीच्या कागदपत्रांत तशी अट असावी, अशी शिफारस अहवालातच असलेली बरी. अधिकाऱ्याला ती मान्यतेच्या अटींत घालता येते.

शेवटची तपासणी कार्यालयात होत नाही. सळई बाजारात बारा मीटर लांबीची येते, म्हणजे साडेचार मीटरच्या गाळ्यांत दर दोन-अडीच गाळ्यांनी लॅप द्यावाच लागतो. आपल्याकडचे फिटर वरच्या सळईचा लॅप गाळ्याच्या मध्यावर आणि खालच्या सळईचा खांबाजवळ देतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं गेलं आहे आणि नेहमीच्या भारासाठी ते अगदी बरोबर आहे, कारण लॅप ताण कमी असेल तिथे द्यायचा असतो. पण खांब गेल्यावर खालच्या सळईचा सर्वात मोठा ताण नेमका खांबाच्या जागीच येतो. म्हणजे कागदावर अखंड दाखवलेली सळई साइटवर सर्वात नको त्या ठिकाणी जोडलेली असते, आणि फिटरने त्याच्या दृष्टीने काहीच चूक केलेली नसते. आयएस १३९२० खांबाच्या तोंडापासून बीमच्या प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतरात लॅपला मनाई करतं. आपल्या ६०० च्या बीमला ते अंतर सुमारे १.१ मीटर येतं. दोन्हीकडून तेवढं सोडलं की मधले दोन मीटर उरतात. सगळे लॅप तिथे, एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळ्या न जोडता, आणि लॅपच्या लांबीत रिंगा जवळ घेऊन द्यायचे. पार्किंगच्या वरच्या स्लॅबच्या काँक्रीटआधी कनिष्ठ अभियंता साइटवर गेला, तर त्याने कडेच्या प्रत्येक खांबाशी वाकून बीमच्या तळाकडे बघावं, सळई पलीकडे गेली आहे का ते हाताने तपासावं, आणि खांबाचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून तो अहवालाच्या सारांशाला जोडावा.